लेट गाडीवर बारा बारचं ब्लूज कसं लिहायचं: ग्वाल्हेरच्या फलाटावरून

जानेवारीत ग्वाल्हेरहून पुण्याला निघायचं म्हणजे गाडी धुक्यात अडकणार हे धरूनच घरातून डबा घेऊन निघावं लागतं. त्या रात्री आत्या आणि मी स्टेशनवर होतो. पुण्याच्या ताईसाठी गजकचे, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत मिठाईचे, दोन डबे घेतले होते. गाडीची वेळ रात्री पावणेबाराची. आधी बोर्डावर एक तास लेट लागलं, मग तीन, मग पाच. खिशात वही होती आणि बऱ्याच दिवसांपासून मराठीत एक धड ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्याच्या प्रकारातलं गाणं, लिहायचं डोक्यात होतं. याआधी दोनदा प्रयत्न करून हात पोळले होते. पहिल्यांदा जे झालं ती कविता होती, दुसऱ्यांदा भावगीत. तिसऱ्या खेपेला फलाटावर जमलं, आणि कुठे काय चुकत होतं तेही कळलं. तोच क्रम इथे लिहितोय.

गिटार नीट येत नसली तरी चालेल. हा लेख शब्दांचा आहे, पण ताल मोजता आला पाहिजे.

१. साचा काय आहे ते आधी समजून घ्या

बारा बारच्या ब्लूजमध्ये एका कडव्याला तीन ओळी असतात. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. उत्तराची ओळ पहिलीशी यमक जुळवते. म्हणजे एका कडव्यासाठी तुम्हाला दोनच ओळी लिहायच्या आहेत. ऐकायला सोपं वाटतं, आणि फसगत तिथूनच सुरू होते. दोनच ओळी असल्यामुळे त्यातली एकही लेचीपेची चालत नाही, आणि पहिली तर लोकांना दोनदा ऐकायची असते.

लेट गाडी हा विषय ब्लूजला नवा नाही. डब्ल्यू. सी. हँडी या अमेरिकन संगीतकाराने १९४१ साली आलेल्या आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. साधारण १९०३ सालची गोष्ट. मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनवर तो गाडीची वाट बघत होता, आणि गाडी नऊ तास लेट होती. त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा शेजारी एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दल गात होता. एकच ओळ, तीनदा. पुढे हँडीनेच ब्लूज कागदावर उतरवून छापलं आणि ते गावोगावी पोचलं.

त्या माणसाने ओळ तीनदा म्हटली होती, तिसऱ्यांदा उत्तर दिलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. तोही ब्लूजचाच प्रकार आहे. आपण जो शिकतोय त्यात तिसऱ्या वेळी उत्तर येतं, आणि सगळी गंमत त्या उत्तरात असते.

२. बारा बार म्हणजे बारा मात्रा नव्हेत

आपल्याकडे तबला शिकलेला कोणीही इथे अडखळतो. मीही अडखळलो. ‘बारा’ ऐकलं की एकताल आठवतो. पण एक बार म्हणजे चार मात्रा, आणि असे बारा बार, म्हणजे एका कडव्याला अठ्ठेचाळीस मात्रा.

गाठ सोडवली ती माझ्या मामांनी. त्यांनी आयुष्यभर ख्यालाच्या मैफलींत तबल्याची साथ केली. ब्लूज त्यांनी कधी मुद्दाम ऐकलं नव्हतं. मी मोबाईलवर एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, तर त्यांनी बोटांनी मांडीवर मोजलं आणि म्हणाले, “अरे, ही तर तीनतालाची तीन आवर्तनं आहेत. एक ओळ, एक आवर्तन.”

तेव्हापासून मी असंच मोजतो. प्रत्येक ओळीला सोळा मात्रा. शब्द समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, आसपास सुरू होतात आणि नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, संपतात. दहा ते सोळा या मात्रा वाद्याच्या. गायकाने विचारलं, वाद्याने सांगितलं, असा तो संवाद आहे. फरक एवढाच की ठेका सरळ चालत नाही. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला सोडायचा. तबलजीला ‘तिश्र जात’ म्हटलं की पुरे. बाकीच्यांनी गाडी रुळाच्या सांध्यांवरून जाते तेव्हाचा आवाज आठवावा.

मेट्रोनोम ९६ वर, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रांवर, ठेवला तर एक ओळ दहा सेकंदांत आणि कडवं बरोबर अर्ध्या मिनिटात होतं. पाच सेकंद शब्द, पाच सेकंद वाद्य. नवख्या माणसाने याच गतीला सुरुवात करावी.

आता कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट. सा ‘ए’ या पट्टीत धरू, पेटीवर पांढरी सहा. मग घरची कॉर्ड ए सेव्हन, मध्यमाची डी सेव्हन आणि पंचमाची ई सेव्हन. एका कडव्याचा नकाशा असा:

```
पहिली ओळ   | ए७ | ए७ | ए७ | ए७ |
दुसरी ओळ    | डी७ | डी७ | ए७ | ए७ |
तिसरी ओळ   | ई७ | डी७ | ए७ | ई७ |
मात्रा          १–४   ५–८   ९–१२  १३–१६
```

या नकाशातला तिसरा रकाना बघा. तिन्ही ओळींत नवव्या मात्रेला ए सेव्हन आहे. म्हणजे ओळीचा शेवटचा शब्द नवव्या मात्रेवर टाकला, तर तो प्रत्येक वेळी घरी येऊनच पडतो. हा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

३. जवळ काय हवं

वही आणि पेन्सिल. पेन नको, खोडावं फार लागतं. मोबाईलमध्ये मेट्रोनोम किंवा तबल्याचं ॲप आणि आवाज नोंदवायची सोय. गिटार नसेल तर पेटी चालते, तीही नसेल तर मांडी.

कागदपत्रं म्हणाल तर तिकीट. गंमत नाही करत. गाडीची ठरलेली वेळ, किती तास लेट, कुठला फलाट, कोण कोणाकडे निघालंय, सोबत काय सामान आहे, हे सगळं जसंच्या तसं वहीत टिपून ठेवा. मी त्या रात्री टिपलेली यादी अशी होती: पाच तास; धुकं; गजकचे दोन डबे, एक उघडलेला; आत्याला पान हवंय; माईकवरची बाई; लांबून पटाख्याचा आवाज; रुळाच्या कडेला शेकोटी करून बसलेली माणसं. यातल्या शेकोटीवर काहीच निघालं नाही. बाकी सगळं वापरलं गेलं.

४. पहिली ओळ: बातमी द्या, मनःस्थिती सांगू नका

माझी सर्वांत पहिली ओळ, दोन वर्षांपूर्वीची, अशी होती:

“गाडी उशिरा येणार आहे, मन माझं उदास आहे”

या ओळीत दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीत लिहिणाऱ्याकडून हमखास होतात.

पहिली चूक ‘आहे’. आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे ओळ सरळ लिहिली की शेवटी आहे, होते, गेली, आली असलं काहीतरी बसतं. मग यमकही तसलंच मिळतं: आहे-पाहे, आली-गेली. कानाला ते यमक वाटतच नाही, वाक्य संपल्याची खूण वाटते. शिवाय नवव्या मात्रेवर जोर देऊन ‘आहे’ म्हणून बघा. बाकी सगळी ओळ वाया गेल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे आणि आपल्या तोंडात आधीच आहे. फलाटावर कोण म्हणतं “गाडी पाच तास लेट आहे”? लोक म्हणतात, “गाडी पाच तास लेट!” क्रियापद गाळलं, आणि शेवटाला एक टणक शब्द आला.

दुसरी चूक ‘उदास’. गायक उदास आहे हे वाजवणारा सांगणार आहेच. शब्दांनी फक्त काय झालं ते सांगायचं. किती तास, कुठली गाडी, कुठे. ‘उशीर’ गाता येत नाही, ‘पाच तास’ गाता येतं.

तर फलाटावर लिहिलेली ओळ ही; लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहराचा एक भाग:

“धुकं पडलंय लष्करात, पुण्याची गाडी पाच तास लेट”

तोंडाने म्हणून उच्चार मोजा, लिहिलेली अक्षरं मोजू नका. ‘पडलंय’ लिहिताना चार अक्षरं, म्हणताना पड-लंय असे दोनच ठोके. पहिल्या अर्ध्यात सात ठोके, दुसऱ्यात आठ. स्वल्पविरामाची जागा पाचव्या मात्रेच्या तोंडाशी पडते. मात्रांवर मांडली की ओळ अशी दिसते:

```
१–४     धुकं पडलंय लष्करात
५–८     पुण्याची गाडी पाच तास
९       लेट
१०–१६   (गिटार)
```

स्टेशन काही लष्करात नाही, हे मला माहीत आहे. आत्याने लगेच चूक काढली. पण स्टेशनकडच्या पडाव भागाचं नाव ओळीत नीट बसेना, आणि धुकं त्या रात्री लष्करातही होतंच.

५. यमकाची यादी, आणि त्यातला मोहाचा शब्द

तिसरी ओळ लिहायच्या आधी यमकांची यादी करा. ‘लेट’ला काय काय जुळतं? भेट, थेट, गेट, प्लेट, शेट. यादीत जो शब्द सर्वांत आधी सुचतो त्यावर काट मारा. इथे तो ‘भेट’. ‘कधी होईल आपली भेट’ ही ओळ पेन्सिल आपोआपच लिहून टाकते, आणि ऐकणाऱ्याला ती गायकाच्या आधी कळते. दुसऱ्यांदा ‘लेट’ ऐकू येतं ना, तिथून पुढे वाद्याच्या सात मात्रा असतात. एवढ्या वेळात ऐकणारा मनातल्या मनात यमक शोधतो. त्याला ‘भेट’ सापडणारच. आपण दुसरंच काहीतरी द्यायचं.

मी ‘थेट’ घेतला, कारण यादीतला तो एकच शब्द हालचालीचा आहे. प्लेट आणि गेट नुसत्या वस्तू आहेत. थेट म्हटलं की काहीतरी कुठेतरी चाललंय. गाडी जात नाहीये, तर मग थेट जाणारं काय आहे?

उघडलेल्या डब्याकडे लक्ष गेलं आणि उत्तर मिळालं.

६. तिसरी ओळ: खरा घाव

पहिला मसुदा:

“ताईसाठी घेतलेली गजक, माझ्याच पोटात गेली थेट”

मुद्दा बरोबर, पण म्हणून पाहिलं तर पहिला अर्धा भाग नऊ ठोक्यांचा झाला आणि चार मात्रांत कोंबावा लागला. अशा वेळी गायक घाईघाईने बोलायला लागतो, आणि घाई झाली की विनोद मरतो. ‘घेतलेली’ काढलं:

“ताईसाठीची गजक, माझ्याच पोटात गेली थेट”

पुढे-मागे सात आणि सात. आता ही ओळ नकाशावर ठेवा. ‘ताईसाठीची गजक’ ई सेव्हनवर येतं, म्हणजे घरापासून सर्वांत लांब. तिथे नुसती तयारी करायची: एक वस्तू पुढे केली, पण ती का पुढे केली ते अजून सांगितलं नाही. ‘माझ्याच पोटात गेली’ डी सेव्हनवर उतरतं, इथे कलाटणी. आणि ‘थेट’ ए सेव्हनवर, घरी. तिसऱ्या ओळीच्या कॉर्ड पायऱ्या उतरत येतात, तशाच गोष्टीनेही पायऱ्या उतराव्यात. उलट करून बघा, ‘माझ्याच पोटात गेली ताईची गजक थेट’. सहाव्या-सातव्या ठोक्यालाच सगळं फुटलं आणि मग गिटारपर्यंत सांगायला काही उरलं नाही.

तिसऱ्या ओळीत तीन खड्डे आहेत. तिन्हींत मी पडून आलोय.

एक, तात्पर्य. ‘वाट पाहणं हेच जगणं’ छापाची ओळ. मराठी माणसाला तिसऱ्या ओळीत अभंगाचा शेवट करायची फार हौस. पहिल्या ओळीत पाच तास लेट गाडी दिली असेल तर तिसरीतही फलाटावरचीच वस्तू हवी.

दोन, स्पष्टीकरण. ‘कारण धुक्यामुळे सिग्नल दिसत नाही’. हे पहिल्या ओळीचं कारण झालं, उत्तर नाही झालं. ओळखायची खूण अशी: तिसऱ्या ओळीच्या आधी ‘म्हणून’ किंवा ‘आणि इकडे’ मनात घालता आलं तर बरं चाललंय. ‘कारण’ घालावं लागलं तर खोडा.

तीन, तळटीप लागणारा विनोद. हा सोडताना मला सर्वांत जास्त जीवावर आलं. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर रुळांवर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे, पाहुण्यांपर्यंत मद्य आणि सिगार नेणारी. गावातल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. मी लिहिलं: ‘जयविलासच्या टेबलावर, चांदीची गाडी फिरते गोल’, आणि उत्तर: ‘तिला ना धुकं ना सिग्नल, आमच्याच नशिबी झोल’. इथले मित्र खूश झाले. पुण्यात ताईच्या मैत्रिणींसमोर म्हटलं तर आधी दोन मिनिटं महालाची माहिती द्यावी लागली, आणि मग कोणी हसलं नाही. शिवाय गाणं फलाट सोडून महालात गेलं, वाट बघणारा माणूसच गायब झाला. कडवं काढून टाकलं. चांदीची गाडी तेवढी अजून वेळेवर आहे.

७. दुसऱ्यांदा तीच ओळ: हात आवरा

ग्वाल्हेरात वाढलेल्या माणसाला इथे जपून राहावं लागतं. घराणंच बोलबाँट आणि बोलतानांचं. एकच ओळ पुन्हा म्हणायची म्हटलं की आपल्या गळ्याला वाटतं, आता काहीतरी करून दाखवायला हवं. शब्द फिरवायचे, तान घ्यायची. नका घेऊ. ओळ तीच राहू द्या, कारण बदल खालून येणार आहे.

होतं काय, ते पेटीवर करून बघा. सा पांढरी सहा धरून कोमल गंधार लावा. घरच्या ए सेव्हनमध्ये शुद्ध गंधार असतो, त्यामुळे पहिल्या ओळीत गायलेला कोमल गंधार कॉर्डला घासतो, खुपतो. आता त्याच कोमल गंधाराखाली डी सेव्हन धरा. डी सेव्हनमध्ये तो स्वर स्वतःच आहे. मघाशी खुपणारा स्वर अचानक आपल्या जागी बसतो आणि ओळ खोल जाते. शब्दांत काडीचा फरक न करता पहिल्यांदा जी तक्रार वाटली होती, ती दुसऱ्यांदा कबुली वाटते. यासाठीच ओळ पुन्हा म्हणायची असते.

शब्दांत हवा तर एवढाच बदल करा: समोर ‘अहो’ किंवा ‘हं’ लावा. मी आत्याला ऐकवताना ‘अगं आत्या’ लावलं:

“अगं आत्या, धुकं पडलंय लष्करात, पुण्याची गाडी पाच तास लेट”

हे जादा शब्द समेच्या आधी, मागच्या आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रांत म्हणायचे, म्हणजे ‘धुकं’ आपल्या जागी राहतं. आणखी एक गोष्ट सरावानंतर जमते. पहिली मात्रा मोकळी सोडून ओळ दुसरीवर उचलायची. शब्द थोडे दाटीने येतात, पण ‘लेट’ने नवव्या मात्रेवर पोचायचंच. गाणं उशिरा सुटलं तरी चालतं, उशिरा पोचून चालत नाही.

८. रिकाम्या मात्रा रिकाम्या ठेवा

दहा ते सोळा. इथे शब्द घालू नका. कविता लिहिण्याची सवय असलेले लोक ओळ लांबवतात, ‘पाच तास लेट, कशी कटेल ही रात्र’, आणि गिटारवाला बिचारा बघत बसतो. ओळ नोंदवून परत ऐका. नवव्या मात्रेनंतर तुमचा आवाज ऐकू येत असेल तर ओळ लांब आहे. कापा. नोंदवताना वाद्य नसेल तर त्या सात मात्रा टाळी देऊन मोजा, गप्प बसा, आणि मगच पुढची ओळ उचला. सुरुवातीला ते पाच सेकंद फार मोठे वाटतात. आमच्या शेजारी बाकावर बसलेल्या एका फौजी काकांना वाटलं की मी ओळ विसरलो. त्यांनी सुचवलीसुद्धा.

९. पुढची कडवी: तोच फलाट, नवी वस्तू

प्रत्येक कडव्यात यादीतली एकच नवी गोष्ट घ्या. माझं दुसरं कडवं माईकवरच्या बाईमुळे झालं:

“बाई म्हणते माईकवर, यात्रीगण कृपया ध्यान दें
बाई म्हणते माईकवर, यात्रीगण कृपया ध्यान दें
आत्या म्हणते, ध्यान तू दे, मला एक साधं पान दे”

हिंदी वाक्य जसंच्या तसं घेतलं. आपल्या ग्वाल्हेरच्या बोलण्यात ते रोजचंच आहे, आणि त्याचं मराठी केलं असतं तर घोषणा घोषणा राहिली नसती. यमक दोन शब्दांचं आहे, ‘ध्यान दें’ आणि ‘पान दे’, त्यामुळे शेवटी ‘दे’ हे क्रियापद असूनही भरीव लागतं. जोर ध्यान आणि पानवर द्यायचा, ‘दे’ नवव्या मात्रेवर हलकेच टेकवायचा. आणि हे कडवं मी रचलं असं म्हणणं बरोबर नाही. तिसरी ओळ आत्या जवळपास अशीच बोलली. मी फक्त ‘साधं’ घातलं, एक ठोका कमी पडत होता म्हणून.

तिसऱ्या कडव्यासाठी पटाखा उरला होता. दाट धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळावर पटाखे ठेवतात. चाकाखाली आला की फुटतो, आणि चालकाला कळतं की सिग्नल जवळ आलाय. लांबून तो आवाज आला की अख्खा फलाट उठून उभा राहतो.

“पटाखा फुटला रुळावर, वाटलं आली एकदाची
पटाखा फुटला रुळावर, वाटलं आली एकदाची
धडधड गेली समोरून, मालगाडी कोळशाची”

यमक थोडं ढिलं आहे, प्रत्ययावर बसलंय. फक्त ‘ची’ जुळली असती तर मी ते घेतलं नसतं. आधीचा ‘आ’ही जुळतो, म्हणून चालवून घेतलं. ‘कोळशाची मालगाडी’ असं सरळ न लिहिता उलटवलं, कारण ‘धडधड गेली समोरून’पर्यंत ऐकणाऱ्याला वाटायला हवं की गाडी खरंच आली, पण थांबली नाही. मालगाडी हा शब्द सहाव्या-सातव्या मात्रेला येतो आणि आशा मोडतो. ‘कोळशाची’ तिच्यावर काळी पूड टाकते.

कडव्यांचा क्रम लावताना मी एकच कसोटी लावली. वाट बघणं पुढे सरकायला हवं. आधी खाणं संपतं, मग माणसांचा धीर, मग खोटी आशा. पटाख्याचं कडवं पहिलं घेतलं तर पाच तास लेट हे सांगायच्या आधीच गाडी येऊन गेल्यासारखं होतं, आणि गजक कोणी खाल्ली यात मग कोणाला रस राहत नाही. तीन कडवी दीड मिनिटात होतात. मध्ये एक कडवं नुसत्या वाद्याचं ठेवा, म्हणजे दोन मिनिटं. नवख्याने याहून लांब जाऊ नये.

१०. संपवायचं कसं

बाराव्या बारला ई सेव्हन असते ती पुढच्या कडव्यात ढकलण्यासाठी. शेवटच्या कडव्यालाही तीच वाजवली तर ऐकणारे चौथ्या कडव्याची वाट बघत बसतात, आमच्याकडे दोनदा झालंय. म्हणून शेवटच्या कडव्यात बाराव्या बारला ए सेव्हनच धरायची.

शब्दांसाठी एक युक्ती आहे. शेवटच्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत वाद्यांनी समेवर एक ठोका देऊन थांबायचं. ‘धडधड गेली समोरून’ आणि ‘मालगाडी’ हे नुसत्या गळ्याने, साथीशिवाय म्हणायचं, मोजणी मनात चालू ठेवून. नवव्या मात्रेवर ‘कोळशाची’बरोबर सगळे परत येतात. या शब्दाला तीन ठोके आहेत: कोळ-शा-ची. ‘कोळ’ आठव्या मात्रेवर एकट्याने, ‘शा’ तिच्याच शेवटच्या तुकड्यात, आणि ‘ची’वर गिटार. हे बसायला आम्हाला साताठ वेळा म्हणावं लागलं. दर वेळी कोणीतरी ‘मालगाडी’वरच वाजवायचा. शेवटी असं ठरवलं की त्या सात मात्रांत तबलजीशिवाय कोणी पायही हलवायचा नाही.